कर्ज किती मिळेल? पगार, चालू हप्ते आणि निम्म्याची मर्यादा

गृहकर्जाच्या अर्जावर बँक दोन प्रश्न विचारते. अर्जदाराला महिन्याला किती हप्ता झेपेल, आणि गहाण राहणाऱ्या घराची किंमत किती? दोन्ही उत्तरांतून कर्जाचे दोन आकडे निघतात आणि त्यांतला लहान आकडा मंजूर होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या मापाने काढतात त्याला स्थिर देणी आणि उत्पन्न यांचे गुणोत्तर म्हणतात. बँकेत त्याचा उल्लेख ‘एफओआयआर’ असा होतो. अर्जदाराचे चालू हप्ते आणि नव्या कर्जाचा हप्ता यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या किती टक्के होते, ते हे गुणोत्तर सांगते.

ही टक्केवारी प्रत्येक बँक किंवा वित्तसंस्था आपल्या धोरणानुसार ठरवते. साधारणपणे ती चाळीस ते साठ टक्क्यांच्या आसपास असते आणि उत्पन्न वाढते तशी वाढत जाते. त्यामागचे कारण व्यावहारिक आहे. पंचवीस हजार रुपये मिळवणाऱ्याचे साठ टक्के हप्त्यांत गेले, तर घर चालवायला दहा हजार उरतात. दोन लाख मिळवणाऱ्याचे तेवढेच टक्के गेले, तरी हातात ऐंशी हजार राहतात. गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने असा एकच आकडा घालून दिलेला नाही. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी मात्र दिला आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांची मासिक परतफेड मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा २०२२ पासूनचा नियम आहे.

हिशेब कसा होतो ते एका नमुना उदाहरणावरून पाहू. नाशिकच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या अर्जदाराच्या पगारपत्रकावर एकूण पगार ९०,००० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ४,८००, व्यवसाय कराचे २०० आणि कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जाच्या हप्त्याचे ५,००० रुपये कापले जातात. बँक खात्यात ८०,००० जमा होतात. याशिवाय कारचा हप्ता ९,००० रुपये असून त्याचे चौदा हप्ते बाकी आहेत. क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये थकबाकी आहे. बँकेची मर्यादा पन्नास टक्के धरू.

पहिले काम उत्पन्न ठरवण्याचे. खात्यात पडणारे ८०,००० हे येथे उत्पन्न नव्हे. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर या सक्तीच्या कपाती आहेत, म्हणून त्या वजा होतात. पतसंस्थेचा हप्ता मात्र कर्जाचा आहे, तो देण्यांच्या बाजूला जातो. त्यामुळे उत्पन्न ८५,००० रुपये धरले जाते. पगारात प्रवासखर्चाची भरपाई असेल, तर ती बहुधा वगळतात, कारण तो पैसा खर्च होऊनच आलेला असतो. ओव्हरटाइम आणि प्रोत्साहनपर भत्ता दरमहा सारखा नसल्याने त्यातला काही भागच, तोही मागील काही महिन्यांची सरासरी काढून, धरण्याची पद्धत आहे. व्यावसायिकाच्या बाबतीत पगारपत्रक नसते. तेथे प्राप्तिकर विवरणपत्रांतला नफा पाहून मासिक उत्पन्न काढतात, आणि कर वाचवण्यासाठी कमी दाखवलेला नफा येथे अंगाशी येतो.

दुसरे काम देण्यांची बेरीज. पतसंस्थेचे ५,००० आणि कारचे ९,००० सरळ धरले जातात. क्रेडिट कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून थकबाकीच्या पाच टक्के रक्कम मासिक देणे मानण्याचा प्रघात आहे. चाळीस हजारांवर ती २,००० होते. एकूण देणी १६,००० झाली. थोडेच हप्ते उरलेले कर्ज अनेक बँका हिशेबात धरत नाहीत. कारचे चौदा हप्ते बाकी असल्याने येथे ती सवलत मिळणार नाही.

तिसरी पायरी वजाबाकीची. ८५,००० चे निम्मे ४२,५००. त्यातून १६,००० गेले की नव्या हप्त्यासाठी २६,५०० रुपये उरतात. चौथ्या पायरीत या हप्त्याचे कर्जात रूपांतर होते. त्यासाठी एक लाख रुपयांच्या कर्जाला महिना किती हप्ता पडतो, हा आकडा लागतो. वार्षिक नऊ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत असेल, तर तो जवळपास ९०० रुपये आहे. २६,५०० ला ९०० ने भागले की २९.४ येतात. म्हणजे उत्पन्नाच्या निकषावर या अर्जदाराची पात्रता सुमारे २९ लाख ४० हजार रुपये ठरते.

या गणितात सर्वांत जास्त वजन चालू हप्त्यांचे असते. पगारात हजार रुपयांची वाढ झाली, तर हप्त्याची क्षमता पाचशेनेच वाढते, कारण तिच्यावर पन्नास टक्क्यांची मर्यादा लागते. चालू हप्ता हजाराने कमी झाला, तर क्षमता पूर्ण हजाराने वाढते. वीस वर्षांच्या मुदतीत हजार रुपयांचा हप्ता म्हणजे सुमारे १ लाख ११ हजारांचे कर्ज. वरच्या अर्जदाराचे कारचे कर्ज साडेनऊ टक्के दराचे असेल, तर चौदा हप्त्यांमागे मुद्दल सुमारे १ लाख १९ हजार उरलेले असते. तेवढे भरून कर्ज बंद केले, तर ९,००० रुपये मोकळे होतात आणि पात्रता दहा लाखांनी वाढते. अर्थात मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागते का, हे आधी पाहावे लागते. शिवाय घरासाठी स्वतःजवळून भरायच्या रकमेतून हे पैसे काढले, तर तेथे तूट येते.

हप्ता देण्यांत धरला की उत्पन्नातून वजा केला, यानेही फरक पडतो आणि चूक येथेच होते. पगारपत्रक न पाहता बँक खात्यातल्या जमेवर हिशेब झाला, तर उत्पन्न ८०,००० धरले जाईल आणि पतसंस्थेचे ५,००० देण्यांतही मोजले जातील. मग निम्मे ४०,००० आणि त्यातून १६,००० वजा होऊन २४,००० उरतील. पात्रता २६ लाख ७० हजारांवर येईल. एकच हप्ता दोनदा मोजल्याने पावणेतीन लाखांचा फटका बसतो. बँकेने सांगितलेला आकडा अपेक्षेपेक्षा कमी वाटला, तर उत्पन्न नेमके किती धरले आणि देण्यांत काय काय मोजले, हे विचारावे. या दोन आकड्यांवरून चूक लगेच सापडते.

देणी लपवण्याचा प्रयत्न सहसा टिकत नाही. कर्जांची नोंद क्रेडिट अहवालात असते. एखाद्या पतसंस्थेचे कर्ज तेथे नसले, तरी पगारपत्रकावर कपात दिसते. बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला ठरावीक तारखेला वळती होणारी रक्कम दिसते, मोबाइल किंवा फ्रीज हप्त्यांवर घेतला असेल तर तीही. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्याची नोंदही अहवालात येते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले, तर जामीनदाराच्या पात्रतेला धक्का लागतो. उलट, फेडून झालेले कर्ज अहवालात चालू दिसत असेल, तर नाहक क्षमता घटते. क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्जाआधी तो पाहून, चूक असल्यास ‘कर्ज बाकी नाही’ या दाखल्यासह तक्रार करावी. तिचे निराकरण तीस दिवसांत झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पात्रता कमी पडली की मुदत वाढवण्याचा पर्याय पुढे येतो. तीस वर्षांची मुदत घेतली, तर नऊ टक्क्यांनी लाखाचा हप्ता ८०५ रुपयांवर येतो आणि २६,५०० रुपयांत ३२ लाख ९० हजारांचे कर्ज बसते. साडेतीन लाख जास्त मिळाले. पण हप्ता तोच राहून दहा वर्षे जास्त भरावा लागतो. वीस वर्षांत एकूण ६३ लाख ६० हजार रुपये जातात, तीस वर्षांत ९५ लाख ४० हजार. साडेतीन लाखांसाठी जवळपास ३२ लाख अधिक मोजावे लागतात. शिवाय नोकरदाराची मुदत बहुधा निवृत्तीच्या वयापर्यंतच मिळते. पंचेचाळिसाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याला पंधराच वर्षे मिळाली, तर लाखाला १,०१४ रुपये हप्ता पडेल आणि पात्रता २६ लाखांच्या आसपास थांबेल.

व्याजदराचेही तसेच. दहा टक्के दर धरला, तर वीस वर्षांसाठी लाखाचा हप्ता ९६५ होतो आणि पात्रता साडेसत्तावीस लाखांवर येते. गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असतात. पुढे दर वाढल्यास मुदत किंवा हप्ता वाढवायला वाव राहील, हे मंजुरीच्या वेळीच पाहावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जसंस्थांना सांगितले आहे. मर्यादेच्या टोकापर्यंत घेतलेल्या कर्जात हा वाव उरत नाही.

दुसरा मार्ग सहकर्जदाराचा. वरच्या अर्जदाराच्या पत्नीचा निव्वळ पगार ३०,००० असून तिच्या दुचाकीचा हप्ता ४,००० आहे, असे समजू. एकत्रित उत्पन्न १,१५,०००, त्याचे निम्मे ५७,५००, देणी २०,०००. उरलेल्या ३७,५०० रुपयांत सुमारे ४१ लाख ७० हजारांचे कर्ज बसते. मात्र सहकर्जदारावर पूर्ण कर्जाची जबाबदारी येते आणि त्याच्या स्वतःच्या पुढच्या कर्जाच्या वेळी हा हप्ता देण्यांत धरला जातो.

आता घराच्या किमतीचा निकष. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतचे ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत देता येते. घराची किंमत दहा लाखांहून जास्त असेल, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च तिच्यात धरता येत नाही. तो स्वतःजवळूनच भरावा लागतो. नाशिकच्या अर्जदाराने एकट्याच्या नावावर ३२ लाखांचे घर पाहिले, तर नव्वद टक्क्यांनी जास्तीत जास्त २८ लाख ८० हजार मिळतील. उत्पन्नाची पात्रता २९ लाख ४० हजार असली, तरी मंजुरी लहान आकड्याचीच होईल.

या गुणोत्तरात न दिसणारे खर्चही असतात. घरभाडे, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी सहसा स्थिर देण्यांत मोजले जात नाही. नाशिकच्या अर्जदाराकडे सर्व हप्ते गेल्यावर ४२,५०० रुपये उरतात, असे बँकेचे गणित सांगते. घराचा ताबा मिळायला दोन वर्षे असतील आणि तोवर १५,००० रुपये भाडे भरावे लागणार असेल, तर प्रत्यक्षात २७,५०० च राहतात. म्हणून बँकेची पात्रता ही वरची मर्यादा धरून, हे खर्च वजा केल्यावर जो हप्ता झेपतो त्यावरून कर्जाचा आकडा पुन्हा काढावा लागतो.