डॉलरची विक्री, रुपयांची वही

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने 20 फेब्रुवारीला परदेशी ग्राहकाला माल पाठवला आणि त्याच दिवशी 10,000 डॉलरचे बिल केले, असे समजू. हिशेब रुपयांत ठेवायचा असल्याने त्या दिवसाचा दर लावायचा. दर 86 रुपये असेल, तर ग्राहकाच्या नावे 8,60,000 आणि निर्यात विक्रीला तेवढेच जमा. विक्रीचा आकडा इथे कायम झाला. पुढे डॉलर कितीही वरखाली झाला तरी तो बदलायचा नाही.

बदलते ते येणे. 31 मार्चला वर्ष संपते तेव्हा पैसे आलेले नाहीत आणि दर 85 वर उतरला आहे. लेखा मानक 11 प्रमाणे ताळेबंदात हे येणे त्या दिवसाच्या दराने, म्हणजे 8,50,000 दाखवायचे. कमी झालेले 10,000 रुपये विनिमय तोटा म्हणून त्याच वर्षाच्या नफा-तोटा खात्यात जातात. पैसे हाती आले नसले, तरी हा तोटा पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

25 एप्रिलला पैसे येतात. बँकेने 85.50 चा दर दिला, पण वाटेतल्या बँकेने 20 डॉलर शुल्क कापले. खात्यात 9,980 डॉलरचे 8,53,290 रुपये पडतात. आता नोंद अशी: बँक नावे 8,53,290, बँक शुल्क नावे 1,710, ग्राहकाला जमा 8,50,000 आणि विनिमय नफ्याला जमा 5,000. हा नफा मोजायचा तो 31 मार्चच्या दरापासून, बिलाच्या दरापासून नव्हे. दोन्ही वर्षे मिळून दरामुळे झालेला निव्वळ तोटा 5,000 रुपये.

चूक बहुधा इथेच होते. बिल 8,60,000 चे आणि आले 8,53,290, म्हणून सगळे 6,710 रुपये विनिमय तोट्यात टाकले जातात. त्यातले 1,710 दराचे नाहीत, शुल्काचे आहेत. त्याहून वाईट म्हणजे बिलाची रक्कमच खोडून आलेल्या पैशांइतकी करणे. मग भरलेल्या जीएसटी विवरणपत्राशी वही जुळत नाही. मालाच्या निर्यातीत जीएसटीसाठी सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर धरतात. वहीतला दर त्याहून वेगळा असेल, तर फरकाचा तक्ता बिलासोबत ठेवावा.

नोंदी बरोबर आहेत का, हे ग्राहकाचे खाते डॉलर आणि रुपये अशा दोन रकान्यांत पाहिले की कळते. हिशेब पुरा झाल्यावर दोन्हीकडे शून्य हवे. डॉलर शून्य असून रुपये उरले, तर विनिमय फरकाची नोंद राहिली. 20 डॉलर उरले, तर शुल्काची नोंद राहिली आणि ग्राहकाकडे नसलेली बाकी दिसत राहते.