‘हेच का?’ याचं उत्तर तयार आहे?

डिझायनरच्या मुलाखतीत पोर्टफोलिओ उघडला की बरेच उमेदवार पानं उलटत जातात : हा लोगो, हे पोस्टर, हे ॲप. पण समोरच्यांनी ते काम बहुधा आधीच पाहिलेलं असतं, म्हणूनच बोलावणं आलेलं असतं. इतके पर्याय असताना हाच का निवडला, हे त्यांना ऐकायचं असतं. त्यामुळे पाऊण तासात दोन-तीनच कामं घ्यावीत आणि प्रश्नांना भरपूर वेळ राखावा.

समजा, एका तरुणीने रुग्णालयासाठी मराठी-इंग्रजी माहितीपत्रक केलंय. तिने सुरुवात अडचणीपासून करावी : शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी राहायचं, हे जुन्या पत्रकात चटकन सापडत नसे. मग अटी सांगाव्यात : एकच ए४ कागद, काळा आणि लाल असे दोनच रंग, वाचणारे बरेचसे वयस्कर. त्यानंतर निर्णय. ‘इंग्रजीच्याच मापात मराठी मजकूर बारीक दिसत होता, कारण देवनागरीत वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार त्याच उंचीत बसवावे लागतात. म्हणून मराठी अक्षर मोठं केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं. जागा कमी पडली, तेव्हा रुग्णालयाची ओळख करून देणारा परिच्छेद काढला.’ एवढ्यात कारणही कळलं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं तेही.

आता परीक्षक म्हणतात, ‘मथळा फार दाटलाय. अक्षरं जरा सुटी करा.’ यावर ‘क्लायंटला तसंच हवं होतं’ म्हटलं, तर निर्णय तिचा नव्हता असं दिसतं. ‘हो, बदलते’ म्हटलं, तर निर्णयामागे विचारच नव्हता असं वाटतं. तिने आधी विचारावं, ‘वाचायला अडतंय, की नुसतं जड दिसतंय?’ उत्तर ‘जड दिसतंय’ असं आलं, तर सांगावं, ‘अक्षरांमध्ये अंतर टाकलं की शिरोरेघ तुटते, म्हणून ते टाळलं. पण टाइप एक पायरी हलका करता येईल. दोन्ही छापून, हातभर अंतरावर धरून पाहीन.’ तक्रार तिने मानली, उपाय मात्र स्वतःचा सुचवला.

कधी चूक खरीच असते. ‘महत्त्वाची सूचना फक्त लाल रंगाने उठून दिसते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये काय होईल?’ इथे बचाव नको. ‘हे सुटलं. सूचनेभोवती चौकट टाकून अक्षर ठळक करेन,’ एवढं पुरे.

सगळीकडे ‘आम्ही केलं’ म्हणू नये. मजकूर कोणाचा, छायाचित्रं कोणाची आणि आपला वाटा कोणता, हे विचारण्याआधीच सांगावं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक कामापुढे एक ओळ लिहा : यात मी काय सोडलं आणि का? ज्या कामापुढे ही ओळ लिहिता येत नाही, ते कितीही देखणं असलं तरी पोर्टफोलिओतून काढून टाका.