मशीन घेण्याआधी ऑडिओग्राम वाचा

कानाचं मशीन घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात तपासणीनंतर एक कागद पडतो. त्यावर एक लाल आणि एक निळी अशा दोन वाकड्यातिकड्या रेघा असतात, खाली सरासरीचा आकडा असतो आणि ‘सौम्य’, ‘मध्यम’ असा एखादा शेरा. बहुतेक जण शेरा वाचतात, कागद फायलीत ठेवतात आणि मशीनच्या किमती विचारू लागतात. पण कुठलं मशीन घ्यायचं, आणि मुळात ते आजच घ्यायचं का, हे शेऱ्यापेक्षा त्या रेघांमधून जास्त कळतं.

आलेखाच्या आडव्या रेषेवर हर्ट्झचे आकडे असतात. डाव्या टोकाला २५०, म्हणजे खर्जातले आवाज; उजव्या टोकाला ८०००, म्हणजे अगदी टिपेचे. उभ्या रेषेवर डेसिबल असतात आणि ते वरून खाली वाढत जातात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एखादी खूण जितकी खाली, तितका तो आवाज मोठा केल्यावरच तुम्हाला ऐकू आला. प्रत्येक खूण म्हणजे त्या पट्टीतला, साधारण निम्म्या वेळा तरी तुम्ही ओळखलेला, सर्वांत हळू आवाज. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. प्रौढ माणसाच्या खुणा २५ डेसिबलच्या वर असल्या, तर ऐकणं ठीक समजतात. ४० डेसिबल म्हणजे ‘४० टक्के बहिरेपण’ असा अर्थ अनेक जण लावतात, तो चुकीचा आहे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. टक्क्यांशी त्याचा संबंध नाही.

आता एक नमुना घेऊ. अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. तक्रार नेहमीची: ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ त्यांच्या उजव्या कानाच्या खुणा अशा: ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १०००ला ३५, २०००ला ५० आणि ४०००ला ६५. सरासरी सहसा पहिल्या तीन आकड्यांची काढतात. ती येते सुमारे ३७, आणि शेरा पडतो ‘सौम्य’. घरच्यांना वाटतं, सौम्यच आहे, मग नात बोललेलं कसं कळत नाही? उत्तर सरासरीत नाही, उताराच्या उजव्या टोकाला आहे. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, यांचं बळ खालच्या पट्टीत असतं, आणि तिथे बाईंचा कान चांगला आहे. स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि त्यांचा जोरही कमी असतो. साध्या बोलण्यातला ‘स’ ६५ डेसिबलच्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून कुणी बोलतंय हे त्यांना कळतं, पण ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ हे कळत नाही. अशा वेळी मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजनं जवळपास तिथेच राहतात.

डावा कान मात्र वेगळा निघाला. तिथे ५०० हर्ट्झलाच खूण ५० डेसिबलवर आहे, १०००ला ५५, २०००ला ६०, सरासरी ५५. एवढंच पाहिलं तर दुकानदार म्हणेल, डाव्या कानाला जास्त ताकदीचं मशीन लागेल. पण त्याच कागदावर आणखी काही खुणा आहेत, चौकोनी कंसासारख्या. त्या हाडामार्गे केलेल्या चाचणीच्या. कानामागच्या हाडावर छोटा कंपक टेकवून आवाज दिला की तो कानाची नळी, पडदा आणि मधली लहान हाडं ओलांडून थेट आतल्या कानात पोचतो. बाईंच्या डाव्या कानात हाडामार्गे ५००ला २५ आणि १०००ला ३० डेसिबल आले. म्हणजे आतला कान जवळपास उजव्यासारखाच आहे आणि २५ डेसिबलचा अडथळा वाटेत कुठेतरी आहे. अशी १५ किंवा त्याहून अधिक डेसिबलची दरी दिसली, तर मशीन बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. कारण मळ असेल, पडद्याला भोक असेल, मध्यकानात पाणी असेल किंवा तिथलं हाड आखडलेलं असेल. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

इथे खुणेचा आकारही पाहावा लागतो. हाडावर दिलेला आवाज कवटीतून दोन्ही आतल्या कानांत जवळपास सारखाच पोचतो. त्यामुळे डाव्या कानाची चाचणी चालू असताना उजवाच उत्तर देऊन जातो. ते टाळायला चांगल्या कानात सळसळता आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. चौकोनी कंस म्हणजे मास्किंग केलेलं आहे. साधा कोन असेल तर केलेलं नाही, आणि दरी दिसत असूनही नुसते कोनच असतील तर चाचणी अपुरी आहे.

बाईंच्या डाव्या कानात घट्ट मळाचा बोळा निघाला. खरं तर चाचणीआधीच कानात पाहायला हवं होतं. मळ काढून पुन्हा तपासल्यावर डाव्या खुणा ३०, ३५, ५० आणि ६५वर आल्या. पहिल्या कागदावरून ताकदीचं मशीन घेतलं असतं, तर मळ निघाल्यावर तेच कानात दणाणलं असतं. दोन कानांत मोठा फरक असूनही अशी दरी नसेल, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत असू शकतो. तेव्हाही डॉक्टर आधी, मशीन नंतर. एखाद-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

आता निवड. बाईंचे खर्जातले आवाज दोन्ही कानांत बरे आहेत, म्हणून कान गच्च बंद करणारा साचा त्यांना नको. त्याने स्वतःचंच बोलणं डोक्यात घुमतं. कानामागे बसणारं, बारीक तारेने छोटा स्पीकर नळीत सोडणारं आणि टोकाला छिद्रांचा सिलिकॉन डोम असलेलं मशीन इथे शोभतं. खालचे आवाज आपोआप आत जातात आणि मशीन फक्त वरची पट्टी वाढवतं. ज्यांची रेघ डावीकडेच ६० किंवा ७०वर सुरू होते, त्यांना हाच डोम निरुपयोगी: वाढवलेले खालचे आवाज छिद्रांतून निसटतात आणि मशीन शीळ घालू लागतं. त्यांना कानाच्या मापाचा साचा आणि अधिक ताकद लागते. नळीच्या आत लपणारी इवलीशी मशीनं तिथे सहसा पुरी पडत नाहीत. प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात ते किती डेसिबलपर्यंत चालतं, याचा रंगवलेला पट्टा असतो. आपल्या खुणा त्या पट्ट्यात बसतात का, हे ‘किती चॅनल आहेत’ यापेक्षा आधी पाहावं.

६५ डेसिबलची कमी असेल तर मशीनने ६५ डेसिबल वाढवायचे, असंही नसतं. आतल्या कानाच्या दोषात हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच टोचतात. म्हणून वाढ ढोबळमानाने निम्मी ठेवतात आणि हळू आवाजांना जास्त, मोठ्यांना कमी देतात.

ऑडिओग्राम एक गोष्ट सांगत नाही: आवाज पुरेसा मोठा केल्यावर शब्द किती समजतात. त्यासाठी शब्दांची वेगळी चाचणी असते आणि ती माणसाच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवी. सुखाने ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजातही निम्मेच शब्द कळत असतील, तर महागडं मशीनही ती उणीव पूर्ण भरून काढत नाही. हे पैसे देण्याआधी स्पष्ट कळलेलं बरं.

चाचणी ध्वनिरोधक खोलीत, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून करून घ्या. हवेमार्गे आणि हाडामार्गे अशा दोन्ही खुणा असलेल्या आलेखाची प्रत मागून घ्या. ती तुमची आहे. आणि मशीन बसवल्यावर कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष किती आवाज पोचतो, हे मोजून दाखवायला सांगा.