पुण्याचे तेल की पुऱ्यांचे तेल?

मराठीत ‘र’ चार तऱ्हांनी जोडला जातो, हे आपण दुसरी-तिसरीत शिकतो. ‘प्रकाश’मध्ये तो अक्षराच्या पोटातून तिरका जातो, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा बसतो, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन डोक्यावर चढतो आणि ‘वाऱ्या’मध्ये पुढच्या अक्षराच्या डाव्या बाजूला बारीक कोरीसारखा चिकटतो. या चौथ्या रूपाला संगणकावर अक्षरे घडवणारे लोक ‘आयलॅश र’ म्हणतात, कारण तो पापणीच्या केसासारखा दिसतो. छापील पानावर तो ओळखायला कष्ट पडत नाहीत. जुनी पत्रे, वह्या, दप्तरातले अर्ज वाचताना मात्र वाचकाची गाडी सगळ्यात जास्त अडते ती इथेच.

का अडते, ते समजण्यासाठी आधी हात कसा चालतो ते पाहावे लागेल. भरभर लिहिणारा माणूस एकेक अक्षर पुरे करत पुढे जात नाही. आधी तो शब्दातल्या अक्षरांची अंगे ओळीने लिहितो. शब्द संपला की वर एका दमात शिरोरेषा ओढतो आणि मग मात्रा, अनुस्वार, रफार अशी वरची चिन्हे टाकतो. फारच घाई असेल तर शिरोरेषा गाळूनच टाकतो. म्हणजे रफार हे दुसऱ्या फेरीतले काम आहे. ते विसरले जाऊ शकते किंवा घाईत एक अक्षर पुढे जाऊन पडू शकते. ‘कार्यालय’ या शब्दातला रफार ‘ल’च्या डोक्यावर सरकलेला कितीतरी हस्तलिखितांत दिसतो. पापणीचा र मात्र पहिल्या फेरीतला आहे. तो ओघात, ‘य’च्या आधी लिहिला जातो. त्यामुळे तो सहसा हरवत नाही, पण त्याचा आकार शेजाऱ्यात मिसळतो. हा फरक एकदा लक्षात आला की निम्मे काम झाले: शंका आलेली रेघ ओळीच्या वर असेल तर रफाराचा विचार करायचा, ओळीच्या आत, अक्षरांच्या रांगेत असेल तर ते अर्धे अक्षर आहे आणि प्रश्न फक्त कोणते, एवढाच उरतो.

रफार आणि पापणीचा र यांत नुसता दिसण्याचा फरक नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मोठ्याने म्हणून पाहा. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर येतो, ‘र’ त्याला टेकतो आणि मग ‘या’ येतो. ‘दऱ्या’मध्ये ‘द’ हलकाच राहतो आणि ‘र’ पुढच्या ‘या’त विरघळतो. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाची सुपारी द्यायची असते.

असा ‘ऱ्या’ मराठीत येतो कुठून? बहुतेक वेळा मूळ शब्दात ‘रा’ किंवा ‘री’ असते आणि विभक्ती लागताना किंवा अनेकवचन होताना तिचे ‘ऱ्या’ होते. वारा–वाऱ्याने, शेतकरी–शेतकऱ्याला, पुरी–पुऱ्या, दुसरा–दुसऱ्या, करणारा–करणाऱ्या. उलट रफाराचा ‘र्य’ मुळातच शब्दाच्या अंगात असतो: कार्य, धैर्य, मर्यादा, पर्याय. म्हणून वाचताना एक सोपी कसोटी लावता येते. प्रत्यय काढून शब्द मूळ रूपात आणा. ‘र’ सुटा होऊन स्वतःच्या काना-वेलांटीवर उभा राहिला, तर तिथे पापणीचा र आहे. ‘ह’च्या बाबतीत तर कसोटीचीही फारशी गरज पडत नाही. तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट अशा मराठी वळणाच्या शब्दांत पापणीच असते. ‘ह’च्या डोक्यावर रफार येतो तो ‘अर्हता’, ‘पूजार्ह’ यांसारख्या मोजक्या संस्कृत शब्दांत.

आता प्रत्यक्ष अक्षराकडे येऊ. माझ्याकडे घरातले एक जुने पोस्टकार्ड आहे, लग्नाच्या तयारीचे. शाईचे पेन, बारीक अक्षर, जागा वाचवण्यासाठी शब्द एकमेकांना भिडलेले आणि शिरोरेषा जवळजवळ नाहीच. त्यातले एक वाक्य घरातल्या तरुण मुलांनी असे वाचले: ‘आचार्यांना विचारले. पुण्याचे तेल वेगळे धरव्यास दोन डबे लागतील.’ आचार्य कोण आणि तेल पुण्याहून का आणायचे, याचा कुणालाच पत्ता लागेना.

पहिल्या शब्दात ‘चा’नंतर ‘या’च्या आधी इंग्रजी ‘सी’सारखा एक छोटा बाक आहे आणि ‘या’च्या वर एक टिंब. मुलांनी ‘र’चा आवाज बरोबर ओळखला, पण रफाराची सवय असल्यामुळे शब्द ‘आचार्य’ करून टाकला. वर रफाराची रेघ कुठेच नाही. जे आहे ते टिंब, म्हणजे अनुस्वार. बाक ओळीच्या आत आहे, तेव्हा शब्द ‘आचाऱ्यांना’. मूळ रूप आचारी, कसोटीला उतरले.

दुसऱ्या शब्दाची गंमत जास्त खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे, कारण पापणीच्या र शी घाईत सगळ्यात जास्त गल्लत होते ती अर्ध्या ‘ण’ची. ‘ण’चा शेवटचा दंड काढला की वाटीसारखा आकार उरतो. त्या वाटीला दोन कडा असतात, डावी आणि उजवी, आणि दोन्ही वर शिरोरेषेच्या उंचीपर्यंत चढतात. पापणीच्या र ला फक्त डावी कड आहे. तो वरून खाली येतो, बाक घेतो आणि उजवीकडे ‘य’च्या कमरेला जाऊन मिळतो, पुन्हा वर चढत नाही. पोस्टकार्डावरच्या त्या शब्दात उजवी कड नाही, भिंगातून पाहिले तर हे स्पष्ट दिसते. शिवाय ‘या’वर पुन्हा टिंब आहे, आणि ‘पुण्याचे’ या शब्दावर टिंबाला जागाच नाही. म्हणजे ‘पुऱ्यांचे तेल’. पुऱ्या तळायचे तेल बाकी स्वयंपाकापासून वेगळे धरायचे, ही लग्नघरातली अगदी रोजची गोष्ट.

तिसरा अडलेला शब्द ‘धरव्यास’ असा वाचला गेला, पण असा शब्दच नाही. इथे ‘ल’ आड आला. मराठीत ‘ल’ आपण दोन पाकळ्यांचा काढतो. हिंदीत दंडाचा ‘ल’ चालतो. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही रूपे ठरवून दिली, पण हाताच्या वळणात ती त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. दंडाचा ‘ल’ अर्धा करायला दंड काढला की काम झाले. पाकळीच्या ‘ल’ला उजवीकडे काढण्यासारखा दंडच नसतो, म्हणून भरभर लिहिणारा दोन्ही पाकळ्या उमटवून तसाच ‘य’मध्ये शिरतो. पाकळ्या जवळ आल्या की त्यांची एक बंद गाठ होते आणि ती ‘व’सारखी दिसते. अशा वेळी गाठीची वरची कड पाहावी. अर्ध्या ‘व’ची कड एकसंध गोल असते, तर ‘ल’च्या गाठीत वर मध्यभागी एक खाच राहते, दोन पाकळ्यांच्या मधली. तिथे ती खाच आहे, म्हणून ‘धरल्यास’.

‘च्या’, ‘त्या’, ‘ल्या’, ‘ण्या’, ‘ऱ्या’ हे पाच जोड मराठी पत्राच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत येतात, कारण आपली विभक्तीच त्यांच्यावर चालते. त्यांतला ‘या’ ओळखायला सोपा असतो, वाद फक्त त्याच्या आधीच्या एका फटकाऱ्याचा असतो. अर्ध्या ‘त’ची पाठ वर असते आणि टोक खाली लोंबते, पापणीचा बाक खाली असतो आणि तोंड वर. अर्ध्या ‘च’ला वर एक आडवी रेघ असते, ती घाईतही बहुधा टिकते. शंका उरलीच तर व्याकरणाला विचारावे. ‘घरा’च्या पुढे ‘च्या’ येणार, ‘ऱ्या’ नाही; ‘करणा’च्या पुढे ‘ऱ्या’ येणार, ‘त्या’ नाही. ‘करण्या’ आणि ‘करणाऱ्या’ यांत तर मधला काना मोजला तरी पुरते.

‘द’ची गोष्ट वेगळी. त्याला दंड नसल्यामुळे जोडले जाणारे अक्षर त्याच्या पोटाशी किंवा खाली लटकते, आणि ‘उद्या’मधला ‘द्य’ घाईत ‘ध’ किंवा ‘घ’सारखा होतो. तिथे उजवीकडे खाली उतरणारे ‘य’चे शेपूट शोधायचे.

हे सगळे जमले तरी माणसांची आणि गावांची नावे अडतातच, कारण तिथे व्याकरण मदतीला येत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ ही आडनावे किंवा कधी न ऐकलेल्या वाडीचे नाव समोर आले तर त्याच हाताने लिहिलेले खात्रीचे शब्द त्याच कागदावर शोधावेत. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘बऱ्याच’ हे शब्द हमखास सापडतात, आणि लिहिणाऱ्याची पापणी नेमकी कशी वळते ते तिथून कळते. ‘म्हणून’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांतून त्याचा ‘ह’ कळतो. मग ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ आणि ‘ऱ्ह’ यांतला कोणता ते ठरवणे सोपे जाते: ‘म’ला गाठ, ‘न’ला डावीकडे ठिपका आणि आडवी रेघ, ‘ल’ला दोन पाकळ्या, ‘र’ला नुसता बाक. इतके करूनही नाव सुटले नाही तर जसे दिसते तसे उतरवून पुढे कंसात प्रश्नचिन्ह द्यावे. अंदाजाने भरलेले नाव पुढच्या वाचकाला खरे वाटते आणि वंशावळीत, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांच्या नकलांत ते कायमचे घर करून बसते.

नीट वाचलेला शब्द टंकताना बिघडतो, असेही होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर J या कळीवर साधा ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो. ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ अशा क्रमाने पापणी उमटते. साधा ‘र’ घेतला तर संगणक रफार देतो आणि ‘पुऱ्या’च्या ‘पुर्या’ होतात. दुसरी पद्धत साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे U+200D, अशी आहे. तिनेही पडद्यावर तोच आकार दिसतो, पण आतली अक्षरे वेगळी असल्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर अनेकदा सापडत नाही. जुन्या कागदांचा मजकूर उतरवून साठवणाऱ्यांनी पहिल्या पानापासून एकच पद्धत ठरवून घ्यावी, आणि ती ‘ऱ’ची असावी.