पीडीएफ उघडत नाही? फाइल डिलीट करण्याआधी या तीन गोष्टी तपासा. काय वाचतं आणि काय कायमचं जातं?

फाइलवर बोट ठेवलं की स्क्रीनवर एकच ओळ येते, ‘फाइल उघडता आली नाही’. फाइल खरेदीखताची असो, मार्कशीटची असो की विमा पॉलिसीची, आपण तीच फाइल दोन-तीन अ‍ॅपमध्ये उघडून पाहतो आणि मग ती गेली असं समजून सोडून देतो. पण पीडीएफ उघडत नाही याचा अर्थ आतला मजकूर गेला असा होत नाही. अनेकदा मजकूर जागेवर असतो आणि फक्त त्याची अनुक्रमणिका हरवलेली असते. याउलट, बाहेरून धडधाकट दिसणारी फाइल आतून पूर्ण रिकामी असू शकते. यातला फरक काही मिनिटांत ओळखता येतो.

फाइल नेमकी कुठे बिघडते?

पीडीएफ एखाद्या पुस्तकासारखी असते, पण तिची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते. आत पानांचा मजकूर, फोटो आणि फॉन्ट असे वेगवेगळे तुकडे एकामागोमाग लिहिलेले असतात. कोणता तुकडा फाइलच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे, याचा तक्ता फाइलच्या शेपटाशी असतो. तुमचं अ‍ॅप फाइल उघडताना आधी हे शेपूट वाचतं, तक्ता शोधतं आणि मग पानांकडे जातं.

त्यामुळे डाउनलोड अर्धवट तुटलं किंवा पेन ड्राइव्ह घाईत काढला, तर सगळ्यात आधी जातं ते शेपूट. आतली बरीच पानं शाबूत असतात, पण अ‍ॅपला त्यांचा पत्ता सापडत नाही. दुरुस्ती करणारी सॉफ्टवेअर इथे एक साधी युक्ती करतात. फाइलमधल्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक आणि `obj` हा शब्द लिहिलेला असतो. सॉफ्टवेअर फाइल पहिल्या बाइटपासून चाळत जातं, हे शब्द गोळा करतं आणि तक्ता नव्याने तयार करतं.

यावरूनच दुरुस्तीची मर्यादाही कळते. हरवलेला पत्ता पुन्हा शोधता येतो. जे बाइट फाइलमध्ये नाहीतच, ते कोणतंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

तपासणी १ : फाइलचा आकार

फाइल मॅनेजरमध्ये फाइलची माहिती उघडा आणि आकार पाहा. शक्य असेल तर ज्यांनी पाठवली त्यांच्याकडच्या मूळ फाइलशी तो जुळवा. मूळ १८ एमबी आणि तुमच्याकडे ११ एमबी असेल, तर फाइल अर्धवट आली आहे. मूळ फाइल अजून उपलब्ध असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता ती पुन्हा मागवा.

आकार शून्य असेल तर विषय संपला. कागदपत्र कित्येक पानी असून आकार जेमतेम दोन-चार केबी दिसत असेल, तर बहुधा ती पीडीएफ नसतेच. वेबसाइटवरचं लॉगिन संपलेलं असतं आणि पीडीएफऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ असं सांगणारं पानच `.pdf` नावाने सेव्ह होतं. अशा फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पुन्हा लॉगिन करून डाउनलोड करणं हाच उपाय.

तपासणी २ : झिप करून पाहा

आकार बरोबर आहे, तरी फाइल उघडत नाही. अशा वेळी फाइल मॅनेजरमधला ‘कॉम्प्रेस’ पर्याय वापरून तिची झिप बनवा. पीडीएफच्या आतला बहुतेक मजकूर आधीच दाबून भरलेला असतो, त्यामुळे चांगली फाइल झिप करून फारशी लहान होत नाही. १८ एमबीची झिप साधारण १६-१७ एमबीची झाली, तर आत माल आहे.

पण १८ एमबीची झिप काही केबींवर आली, तर आत ओळीने नुसती शून्यं भरलेली आहेत. मेमरी कार्ड बिघडलं किंवा कॉपी होताना फोन बंद पडला की असं घडतं. जागा राखून ठेवली जाते, पण मजकूर लिहिलाच जात नाही. ही फाइल दुरुस्त होणार नाही. झिप निम्म्यावर आली, तर साधारण निम्मी फाइल रिकामी आहे असा अंदाज बांधता येतो.

तपासणी ३ : पहिली आणि शेवटची अक्षरं

यासाठी कॉम्प्युटर लागेल. फाइलची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक अक्षरं अगम्य दिसतील, ते साहजिक आहे. सुरुवातीला `%PDF-` आणि त्यापुढे `1.4` किंवा `1.7` असा आकडा दिसायला हवा. अगदी शेवटी `startxref`, त्याखाली एक संख्या आणि `%%EOF` हवं.

सुरुवात आहे पण शेवट नाही, म्हणजे शेपूट तुटलं आहे. दोन्ही जागेवर आहेत, म्हणजे बिघाड मध्ये कुठेतरी आहे. `%PDF-` ऐवजी `<html` किंवा `<!DOCTYPE` दिसलं, तर ते वेबपेज आहे. एक काळजी मात्र घ्या. नोटपॅडमध्ये फाइल चुकूनही सेव्ह करू नका. तसं केल्यास नोटपॅड ही अक्षरं स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहितं आणि वाचण्यासारखी फाइलही हातची जाते.

४० पानी खरेदीखताचं काय होतं?

एक उदाहरण घेऊ. गावच्या घराच्या ४० पानी खरेदीखताचं स्कॅन आहे. मूळ फाइल १८ एमबीची, म्हणजे एका पानाचा फोटो साधारण ४५० केबीचा. काकांनी ती पाठवली, पण ११ एमबीवर डाउनलोड तुटलं आणि दरम्यान काकांचा फोन फॉरमॅट झाला. आता आपल्याकडे आहे तेवढंच.

४५० केबीच्या हिशेबाने ११ एमबीमध्ये २४ पानं पूर्ण बसतात आणि २५व्या पानाचा वरचा साधारण ४० टक्के भाग. आधी `qpdf` या मोफत प्रोग्रॅमने तपासणी आणि दुरुस्ती करून पाहू.

```
qpdf --check khat.pdf
qpdf khat.pdf navi.pdf
```

पहिली आज्ञा फक्त तपासते. `can't find startxref` आणि `Attempting to reconstruct cross-reference table` असे इशारे आले, तर शेपूट नाही आणि प्रोग्रॅम तक्ता नव्याने बांधतो आहे, असा त्याचा अर्थ. दुसरी आज्ञा दुरुस्त केलेली नवी फाइल तयार करते.

ती तयार झालीच नाही तर? पानांची एकत्र यादीही अनेक अ‍ॅप फाइलच्या शेवटीच लिहितात. तीच गेली, तर पानांचे फोटो आत असूनही कोणतं पान कितवं हे प्रोग्रॅमला कळत नाही. पण स्कॅनमधलं पान बहुतेक वेळा साधा जेपीईजी फोटो असतं. त्याची सुरुवात आणि शेवट ठरावीक खुणांवरून ओळखता येतात. `foremost` हा लिनक्सवरचा मोफत प्रोग्रॅम या खुणा शोधून फोटो वेगळे काढतो.

```
foremost -t jpg -o pane khat.pdf
```

`pane` नावाच्या फोल्डरमध्ये २४ पानांचे फोटो मिळू शकतात. स्कॅनर पानं ओळीने लिहीत जातो, म्हणून त्यांचा क्रमही बहुधा बरोबर असतो. २५वं पान सापडलं, तर ते वरून काही ओळींपर्यंत दिसेल आणि खाली करडा पट्टा असेल. २६ ते ४० ही पानं मात्र नाहीत. खरेदीखतात सह्या, साक्षीदार आणि नोंदणीचे शिक्के बहुधा शेवटच्या पानांवर असतात. म्हणजे व्यवहार काय होता हे वाचता येईल, पण पुरावा म्हणून हे तुकडे चालणार नाहीत. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढणं हाच मार्ग.

टाइप केलेल्या फाइलमध्ये काय वाचतं?

वर्डमधून बनवलेल्या पीडीएफचं गणित वेगळं आहे. इथे प्रत्येक पानाचा मजकूर साधारणपणे स्वतंत्र तुकड्यात दाबून ठेवलेला असतो. मधले काही बाइट बिघडले, तर ज्या पानावर घाव बसला तेवढंच पान जातं. तेही बिघाडाच्या जागेपर्यंत अनेकदा वाचता येतं. बाकीची पानं नीट उघडतात.

खरी अडचण फॉन्ट गेल्यावर येते, आणि ती मराठीला जास्त जाचते. इंग्रजी मजकुरात अनेकदा अक्षरांचे ओळखीचे संकेत जसेच्या तसे असतात, त्यामुळे फॉन्ट हरवला तरी दुसऱ्या फॉन्टमध्ये तो वाचता येतो. मराठी मजकुरात मात्र पानावर बहुधा ‘क’ किंवा ‘क्ष’ लिहिलेलं नसतं. ‘या फॉन्टमधली २१३ क्रमांकाची आकृती’ असे नुसते क्रमांक असतात. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर, हे फॉन्ट आणि त्याच्यासोबतच्या तक्त्यात असतं. हे दोन्ही शेपटासोबत गेले, तर पानाचा मजकूर हाती असूनही चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसतात. त्यामुळे तुटलेल्या फाइलमध्ये स्कॅन केलेली मराठी पानं टाइप केलेल्या पानांपेक्षा जास्त वाचतात.

दोन ठिकाणी दुरुस्तीवर विसंबू नका

पहिलं, पासवर्ड असलेल्या फाइल. ई-आधारची पीडीएफ अशीच असते. तिच्यातला मजकूर आणि फोटो कुलूपबंद असतात. पासवर्डवरून कुलूप उघडण्यासाठी लागणारी माहितीही फाइलमध्येच लिहिलेली असते. तीच गेली, तर बरोबर पासवर्ड टाकूनही उपयोग नसतो आणि फोटो वेगळे काढण्याची युक्तीही चालत नाही. अशी फाइल नव्याने डाउनलोड करावी.

दुसरं, डिजिटल स्वाक्षरी असलेले उतारे. डिजिटल सातबाऱ्यावरची स्वाक्षरी फाइलमधल्या नेमक्या बाइटवर केलेली असते. दुरुस्तीत फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणून अक्षर न् अक्षर वाचता आलं तरी पडताळणीत ती स्वाक्षरी टिकत नाही. घरी वाचायला अशी प्रत ठीक आहे, पण बँकेत द्यायला नवा उतारा काढावा लागेल.

दुरुस्तीच्या ऑनलाइन साइटही हेच करतात, म्हणजे तक्ता पुन्हा बांधतात. झिप करून पाहिलेली फाइल रिकामी निघाली असेल, तर त्यांना पैसे देऊन काही मिळणार नाही. आणि आत आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील असतील, तर ती फाइल अनोळखी साइटवर चढवण्यापेक्षा घरच्या कॉम्प्युटरवर `qpdf` चालवणं सुरक्षित. मात्र काहीही करण्याआधी बिघडलेल्या फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. पहिला प्रयत्न फसला, तर दुसरा तिच्यावरच करायचा आहे.