उसन्या शब्दांत शिरणारे स्वर

बेसबॉलमधला ‘स्ट्राइक’ जपानीत गेला की त्याचा ‘सुतोराइकु’ होतो. इंग्रजीत हा शब्द एका दमात, एकाच अक्षरात उच्चारला जातो. जपानीत त्याचे सु-तो-रा-इ-कु असे पाच तुकडे पडतात आणि मुळात नसलेले तीन स्वर त्यात येऊन बसतात. असा बदल करा, असे बोलणाऱ्याला कोणी शिकवलेले नसते. भाषेत कोणता ध्वनी कोणत्या ध्वनीशेजारी बसू शकतो, याचे नियम त्याच्या मनात आधीच असतात. भाषाशास्त्रात त्यांना ध्वनिविन्यासाचे निर्बंध म्हणतात.

घरच्या शब्दांवरून हे निर्बंध खात्रीने कळत नाहीत. जपानी मुळाच्या शब्दांत ‘स्ट्र’सारखे जोडव्यंजन सापडत नाही, पण ते योगायोगाने नाही की चालतच नाही, हे त्या शब्दांवरून कसे सांगणार? उसना शब्द मात्र भाषेपुढे नको असलेली जुळणी आणून ठेवतो. मग भाषा कुठे हात लावते आणि काय तसेच राहू देते, हे दोन्ही पाहता येते. ‘गम’चे जपानीत ‘गामु’ होते, पण ‘पेन’ हा ‘पेन’च राहतो. म्हणजे अक्षराच्या शेवटी अनुनासिक ‘न’ चालतो, ‘म’ चालत नाही. याशिवाय फक्त द्वित्ताचा पहिला अर्धा भाग अक्षर बंद करू शकतो. बाकी प्रत्येक व्यंजनामागे स्वर हवाच.

तो स्वर कोणता, यालाही कारण आहे. जपानीतला ‘उ’ आखूड आणि दुबळा असतो. ‘सुकियाकी’ या शब्दात तो जवळजवळ ऐकूच येत नाही. भर घालायचीच तर जिने मूळ शब्द कमीत कमी बदलेल अशी घालायची, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘उ’ येतो. मग ‘सुतोराइकु’मध्ये ‘त’नंतर ‘ओ’ का? कारण जपानीत ‘त’पुढे ‘उ’ आला की ‘त’चाच ‘त्सु’ होतो. व्यंजन वाचवण्यासाठी स्वर बदलला जातो. हा नियम अगदी निरपवाद नाही. नाताळचे झाड, म्हणजे ‘ट्री’, जपानीत ‘त्सुरी’ झाले आहे.

भारतीय भाषांत वेगळाच नमुना दिसतो. हिंदी पट्ट्यातल्या अनेकांच्या बोलण्यात ‘क्लास’चा ‘किलास’ होतो, पण ‘स्कूल’चा ‘सिकूल’ न होता ‘इस्कूल’ होतो. बंगालीतही ‘गेलाश’ आणि ‘इश्कुल’ अशीच जोडी आहे. मराठीत ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला, तो पहिल्या प्रकारात बसतो. स्वर मध्ये शिरला तर ती स्वरभक्ती आणि आधी आला तर तो आदिस्वरागम. ‘क’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये मुळातच स्वरासारखी पुसट फट ऐकू येते. तिथे पुरा स्वर आला तरी शब्द फारसा बदलल्यासारखा वाटत नाही. ‘स’ आणि ‘क’ यांच्यात तशी फट नसते, म्हणून स्वर बाहेर, आधी येतो. या स्पष्टीकरणावर सगळ्या अभ्यासकांचे एकमत नाही, पण उपलब्ध उदाहरणांना तेच सर्वांत चांगले लागू पडते. आदिस्वरागमाला एक अट मात्र आहे. ‘इस्-कूल’ तेव्हाच चालतो, जेव्हा अक्षराच्या शेवटी ‘स्’ चालतो. जपानीत तो चालत नाही. म्हणून तिथे आधी ‘इ’ लावून भागत नाही आणि ‘स’नंतरच स्वर घालावा लागतो.

हा बदल तोंडात होतो की कानात? एमान्युएल दुपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नावर होता. ‘एबुझो’सारख्या निरर्थक शब्दातला ‘उ’ त्यांनी ध्वनिमुद्रणात टप्प्याटप्प्याने कापत नेला आणि शेवटी पूर्ण काढून टाकला. फ्रेंच श्रोत्यांना ‘एब्झो’ वेगळा ऐकू आला. जपानी श्रोत्यांपैकी बहुतेकांना स्वर उरलेला नसतानाही ‘उ’ ऐकू येत राहिला. निर्बंध जिभेला आवरतोच, पण त्याआधी तो ऐकण्यालाही वळण लावतो.

तरीही प्रत्येक रूप निर्बंधाचा थेट पुरावा मानता येत नाही. शब्द कानाने आला की छापील स्पेलिंगवरून, आणि कोणत्या काळात आला, हेही पाहावे लागते. कामगारांचा ‘स्ट्राइक’ जपानीत ‘सुतोराइकी’ आहे आणि शाई ‘इंकी’ आहे. ‘क’नंतर ‘इ’ घेणारी ही जुनी धाटणी. शिवाय सगळे निर्बंध सारखेच टिकाऊ नसतात. ‘टीम’ घेताना जपानीला ‘ती’ हा उच्चार चालला नाही, म्हणून ‘चीमु’ झाले. ‘पार्टी’ मात्र आज ‘पाती’ आहे, ‘पाची’ नाही. ‘ती’वरची बंदी अशी सैल झाली. जोडव्यंजनावरची बंदी मात्र अजून टिकून आहे, आणि त्यात नवा इंग्रजी शब्द आला की आजही स्वर घालूनच तो बोलला जातो.