वीस गुणांचं धर्मसंकट

एमबीएच्या ‘व्यवसाय आणि नीती’ या विषयाच्या पेपरात एखादा प्रश्न असा येतो, की तो वाचून विद्यार्थी पेन खाली ठेवतात. उदाहरणार्थ हा : “साल १९९२. तुमची कंपनी जीन्स विकते. बांगलादेशातल्या दोन कंत्राटी कारखान्यांत चौदा वर्षांखालची मुलं काम करताना आढळली आहेत. हे कंपनीच्या नियमात बसत नाही. बऱ्याच मुलांकडे जन्मदाखला नाही. काहींच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही. तुम्ही काय कराल? कारणांसह लिहा. गुण २०.”

प्रसंग खरा आहे. कंपनी म्हणजे लेव्ही स्ट्रॉस. आपल्या पुरवठादारांनी कामगारांना कसं वागवावं याची नियमावली तिने १९९१ मध्ये केली आणि त्यानंतरच्या तपासणीत ही मुलं समोर आली. व्यवसाय नीतीच्या वर्गात हे उदाहरण अनेक वर्षं शिकवलं जातं. प्रश्न विचारणं सोपं आहे, खरी कसोटी लागते ती उत्तरं तपासताना. बरोबर उत्तर एकच नसेल तर एकाला सोळा आणि दुसऱ्याला सात गुण कशाच्या आधारावर द्यायचे?

आधी प्रश्नच तपासायला हवा, कारण धर्मसंकट म्हणून विचारलेले कितीतरी प्रश्न मुळात धर्मसंकट नसतातच. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी जानेवारी २००९ मध्ये पत्र लिहून हिशोब फुगवल्याची कबुली दिली. “बँकेतली शिल्लक खोटी दाखवली आहे हे कळल्यावर हिशोबनिसाने गप्प बसावं का?” असा प्रश्न त्यावरून काढला, तर उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे अवघड असतं ते उत्तराप्रमाणे वागणं. अमेरिकी लेखक रशवर्थ किडर यांनी १९९५ च्या पुस्तकात हा फरक नेमका मांडला. बरोबर आणि चूक यांच्यातली ओढाताण हा एक प्रकार, आणि दोन बरोबर गोष्टींमधली ओढाताण हा दुसरा. सत्य की निष्ठा, एक माणूस की समूह, आजचं की उद्याचं, न्याय की दया, अशा चार जोड्या त्यांनी सांगितल्या. जीन्सच्या प्रश्नात न्याय आणि दया समोरासमोर उभे आहेत. नियम सर्वांना सारखा लागू व्हायला हवा आणि पोराच्या घरची चूलही विझायला नको.

प्रश्न खरंच दुहेरी आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. प्रश्न काढणाऱ्याने पेपर छापण्याआधी दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पान स्वतः लिहून पाहावं. एक बाजू लिहिताना पेन चालत नसेल, तर प्रश्न एकतर्फी आहे. मग त्यात दुसऱ्या बाजूला बळ देणारी वस्तुस्थिती घालावी लागते. जीन्सच्या प्रश्नातलं “काहींच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही” हे वाक्य काढून टाकलं, तर वर्गातली बहुतेक मुलं “कामावरून काढा” एवढं लिहून मोकळी होतील.

यानंतर येतो गुणदान तक्ता. या प्रश्नासाठी तो पाच ओळींचा करता येतो. उत्तर देणाऱ्याने माहिती आणि अंदाज वेगळे ठेवले का, याला ४ गुण. निर्णयाचा परिणाम कोणाकोणावर आणि कसा होईल, हे नेमकं सांगितलं का, ४ गुण. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद, ६ गुण. निर्णय आणि त्याची अंमलबजावणी, ४ गुण. आपल्या निर्णयाने कोणाचं नुकसान होणार आहे याची कबुली, २ गुण. मुलांना काढायचं की ठेवायचं, यासाठी या तक्त्यात एकही गुण नाही.

समजा, गठ्ठ्यातून तीन उत्तरपत्रिका हाती आल्या.

पहिली विद्यार्थिनी म्हणते, मुलांना काढा. एका कंत्राटदाराला सूट दिली, तर बाकीच्यांना नियमावली हा नुसता कागद वाटेल, असं ती लिहिते. स्वस्तात मुलं मिळतात म्हणून मोठ्यांची मजुरीही वर जात नाही, हा मुद्दाही ती मांडते. मात्र तीन महिन्यांचा पगार हातात देऊनच मुलांना काढावं, आणि तरीही काही घरं अडचणीत येतील, हे ती स्पष्टपणे लिहिते. दुसरा विद्यार्थी म्हणतो, लगेच काढू नका. सहा महिन्यांत प्रत्येक मुलाच्या जागी त्याच्या घरातलं मोठं माणूस घ्या, तोवर मूल कामावर राहू दे. हे सहा महिने कंपनी स्वतःचाच नियम जाणूनबुजून मोडत राहील, हे तो मान्य करतो. पण या मुलांमधली काही चौदाच्या वरची असतील तर काय, याचा विचार तो करत नाही.

तिसरी उत्तरपत्रिका वाचायला सर्वांत गोड. बालमजुरी हा कलंक आहे, कंपनीने सर्व मुलांना शाळेत घालावं, कुटुंबांना मदत करावी आणि नियमही पाळावा, असं तिच्यात लिहिलं आहे.

तक्ता समोर ठेवून गुण दिले, तर पहिलीला ३, ३, ५, ३ आणि २ मिळून सोळा होतात. दुसऱ्याला ३, ४, ५, ३ आणि १, म्हणजे तेही सोळाच. निर्णय एकमेकांच्या उलट असूनही गुण सारखे. तिसऱ्याला १, ३, १, २ आणि शून्य, एकूण सात.

इथे विद्यार्थी हमखास वाद घालतात आणि त्या वादात तथ्यही आहे. कारण लेव्ही स्ट्रॉसने प्रत्यक्षात जे केलं, त्याच्या सर्वांत जवळ तिसरं उत्तर जातं! कंपनीने मुलांना काढलं नाही आणि कामावरही ठेवलं नाही. मुलं शाळेत जातील आणि कंत्राटदार त्यांना पगार देत राहतील, असं ठरलं. शाळेची फी, पुस्तकं आणि गणवेश यांचा खर्च कंपनीने उचलला. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांना पुन्हा नोकरी मिळणार होती. यापुढे लहान मुलं कामावर घेणार नाही, असं कंत्राटदारांनी कबूल केलं.

मग सातच गुण का? दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की फरक दिसतो. कंपनीच्या तोडग्यात प्रत्येक पैसा कोणाच्या खिशातून जाणार हे ठरलेलं आहे, मुदत ठरलेली आहे, आणि कंत्राटदाराने त्या बदल्यात काय करायचं तेही ठरलेलं आहे. तिसऱ्या उत्तरात “घालावं”, “करावी”, “पाळावा” एवढीच क्रियापदं आहेत. खर्च कोण करणार? कंत्राटदार नाही म्हणाला तर? शाळेत जाणाऱ्या मुलाचा पगार बुडाला, तर त्या रात्री घरात काय शिजणार? म्हणून तक्त्याखाली एक टीप द्यावी लागते : दोन्ही बाजू सांभाळणारा मधला मार्ग चालेल, पण त्याचा खर्च, तो उचलणारा आणि तो मार्ग फसला तर पुढे काय, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर अंमलबजावणीच्या ओळीत दोनपेक्षा जास्त गुण देऊ नयेत.

कंपनीने काय केलं हे विद्यार्थ्यांना पेपर तपासून होईपर्यंत सांगायचं नसतं. आधी सांगितलं, तर तेच ‘मॉडेल आन्सर’ होऊन बसतं. शिवाय पुढचा इतिहास हा मामला आणखी गुंतागुंतीचा करतो. बालमजुरीतून तयार झालेल्या मालाची आयात रोखावी, असं विधेयक टॉम हार्किन यांनी अमेरिकी सिनेटमध्ये मांडलं होतं. निर्यात बंद होईल या धास्तीने १९९३ मध्ये बांगलादेशातल्या कारखानदारांनी मुलांना घाईघाईने काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजानुसार ही मुलं सुमारे ५०,००० होती. त्यातली बरीच शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या, शिवणकामापेक्षा धोक्याच्या कामांना लागली. शेवटी ४ जुलै १९९५ रोजी तिथली तयार कपड्यांच्या निर्यातदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला. शाळेत जागा तयार होईपर्यंत मुलाला काढायचं नाही, त्याच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं आणि मुलाला दरमहा ३०० टका द्यायचे, असं त्यात ठरलं.

हे ऐकल्यावर पहिली विद्यार्थिनी साहजिकच विचारते, “म्हणजे माझं उत्तर चुकलं?” तक्त्याच्या दृष्टीने नाही. तिने १९९२ मध्ये हाती असलेल्या माहितीवर निर्णय दिला, तीन महिन्यांच्या पगाराची तजवीज केली आणि नुकसानही लपवलं नाही. पुढे काय घडलं याचे गुण द्यायचे, तर ते नशिबाचे गुण ठरतील. दुसरीकडे, दोन कारखान्यांत जमलेला तोडगा पन्नास हजार मुलांसाठी एकटी कंपनी पेलू शकली नसती. त्यामुळे कंपनीचा निर्णयही प्रत्येक ठिकाणी लागू पडणारं उत्तर होत नाही.

तक्ता केला म्हणजे तपासणारे आपोआप निःपक्षपाती होतात असं नाही. सगळ्यात जास्त मतभेद होतात ते दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाच्या सहा गुणांवर. “दुसरी बाजू चांगली मांडली” एवढाच निकष लिहिला, तर एक परीक्षक पाच देतो आणि दुसरा तीन. म्हणून निकष असा लिहावा लागतो, की विरुद्ध मताचा माणूस वाचून “हो, मला हेच म्हणायचं होतं” असं म्हणेल, तरच पाच किंवा सहा. बाजू मांडली आहे, पण तिचा सर्वांत कमकुवत मुद्दा घेऊन लगेच खोडला आहे, तर तीन किंवा चार. नुसता उल्लेख असेल तर एक किंवा दोन. गठ्ठा सुरू करण्याआधी दोन परीक्षक तेच दहा पेपर वेगवेगळे तपासतात आणि आकडे समोरासमोर ठेवतात. एखाद्या ओळीत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक वारंवार आला, तर परीक्षकाला बोल न लावता त्या ओळीची भाषा बदलतात.

विद्यार्थीही हुशार असतात. तक्ता आधी दिला, आणि तो द्यायलाच हवा, तर काही जण कामगार, मालक, ग्राहक, सरकार, समाज अशी यादी पाठ करून येतात आणि कुठल्याही प्रश्नाला तीच चिकटवतात. अशी यादी ओळखण्याची खूण सोपी आहे. ती उचलून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ठेवली तरी एक शब्दही बदलावा लागत नाही. “ज्या मुलाकडे जन्मदाखला नाही आणि जे खरंतर पंधरा वर्षांचं आहे, तेही या निर्णयात बाहेर फेकलं जाईल” हे वाक्य मात्र याच उत्तरात बसतं, आणि दुसऱ्या ओळीचे चार गुण अशाच वाक्यांसाठी राखलेले आहेत.

सगळे पेपर तपासून झाल्यावर एक काम उरतं. परीक्षक गठ्ठ्याचे दोन ढीग करतात. एकात “काढा” म्हणणारे पेपर, दुसऱ्यात “ठेवा” म्हणणारे. मग दोन्हींची सरासरी काढतात. ती जवळपास सारखी आली, तर निकाल लावायला हरकत नाही. एका ढिगाची सरासरी बरीच वर गेली, तर एक तर परीक्षकाचं स्वतःचं मत गुणांत उतरलं आहे, नाही तर प्रश्नातच एका बाजूला जास्त दारूगोळा दिला गेला आहे. अशा वेळी दोन्ही ढिगांतले चार चार पेपर नावं झाकून दुसऱ्या परीक्षकाकडे जातात. त्याचेही गुण तसेच आले, तर पुढच्या वर्षीच्या पेपरासाठी तो प्रश्न पुन्हा लिहायला घेतला जातो.